बाथरूममधला गीझर: भिंत, व्हॉल्व्ह आणि अर्थिंग

गीझर घेतला की दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येतो, भोकं पाडतो, टाकी टांगतो, दोन पाइप जोडतो, पिन लावतो आणि सही घेऊन जातो. दिवसाला त्याला बऱ्याच घरी जायचं असतं, त्यामुळे भिंत कशाची आहे आणि सॉकेटमधल्या अर्थच्या भोकामागे खरोखर अर्थ आहे का, हे पाहायला तो थांबत नाही. फॉर्मवर 'ग्राहकाने योग्य अर्थिंगची सोय करावी' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि सही आपली असते. मी वायरिंगची कामं घेतो, गीझरही बसवतो. गीझर बसवण्यात काय पाहायचं आणि का, ते एका खऱ्या कामाच्या आधाराने सांगतो.

काम पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीतलं. अकरा मजली इमारत, चौथ्या मजल्यावरचा रीसेलचा फ्लॅट, चार बाय सात फुटांचं बाथरूम. जुना गीझर गळायला लागला होता, म्हणून काकूंनी नवा १५ लिटरचा, २००० वॅटचा, उभा गीझर आणला होता. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच आकार असतो, म्हणून पुढचे सगळे हिशेब याच गीझरचे.

आधी जागा

गीझर स्वतः ओलाव्यात राहण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्या पाटीवर 'आयपीएक्स ४' असं लिहिलेलं असेल, तर कुठल्याही बाजूने शिंतोडे उडाले तरी आत पाणी जाऊ नये अशी त्याची रचना आहे. सॉकेट आणि पिनटॉप मात्र तसे नसतात, त्यामुळे जागा ठरवताना गीझरपेक्षा सॉकेटचाच विचार जास्त करावा लागतो.

आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी बाथरूमचे भाग पाडले आहेत. टब किंवा शॉवर-ट्रे नसलेल्या, म्हणजे आपल्यासारख्या सपाट फरशीच्या बाथरूममध्ये, भिंतीत बसवलेल्या शॉवरपासून १.२ मीटरच्या आतला आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग सर्वांत धोक्याचा धरतात. त्या भागात पाण्याचा गीझर पक्का बसवायला परवानगी असते, साधं सॉकेट चालत नाही. आपल्या चार फुटी बाथरूममध्ये हे अंतर फूटपट्टीने पाळायला गेलं तर सॉकेटला जागाच उरत नाही. मग निदान एवढं करायचं: सॉकेट शॉवरच्या समोर किंवा खाली नको, शॉवरच्या तोंडाच्या मागच्या बाजूला, वर, गीझरच्या आडोशाला हवं. आणि चालू-बंद करायचा स्विच बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी. तो डबल पोल हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. ओल्या हाताने स्विच दाबायची वेळच येऊ नये, हा त्यातला मुख्य फायदा.

गीझर मिक्सरच्या जितका जवळ तितका बरा, कारण मधल्या पाइपातलं पाणी दर वेळी थंड होऊन वाया जातं. पण कमोडवर बसणाऱ्याच्या किंवा अंघोळीला उभं राहणाऱ्याच्या अगदी डोक्यावर नको. गीझरच्या खाली हात आणि पाना फिरवायला जागा सोडायची, कारण उभ्या गीझरची कॉइल खालूनच काढतात. माळ्यात कोंबलेला गीझर मला अजिबात आवडत नाही. दिसायला छान, पण खालून पाणी ठिबकायला लागलं तर कळतं तेव्हा माळ्याची फळी फुगलेली असते. आणि उभा गीझर आडवा टांगायचा नाही. त्यात कॉइल आणि थर्मोस्टॅट कुठल्या उंचीवर राहणार हे ठरलेलं असतं. आडवा केला की कॉइलचा काही भाग पाण्याबाहेर राहू शकतो आणि कोरडा तापून जळतो.

पंचवीस किलो कशावर टांगणार?

रिकामा गीझर साधारण दहा किलोचा, त्यात पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो. एकूण पंचवीस. हे वजन खाली ओढतं, पण तेवढंच नाही. टाकीचा गोल भिंतीपासून पुढे आलेला असतो. वजनाचा मध्य भिंतीपासून सुमारे अठरा सेंटिमीटरवर धरा, आणि वरच्या बोल्टपासून टाकी खाली भिंतीला टेकते ते अंतर तीस सेंटिमीटर. मग वरच्या बोल्टना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर होतो २५ गुणिले १८ भागिले ३०, म्हणजे पंधरा किलो. दोन बोल्टमध्ये वाटला तर प्रत्येकी साडेसात.

हा आकडा मुळीच मोठा नाही. पक्क्या विटेच्या नऊ इंची भिंतीत दहा मिलिमीटरचा साधा लोखंडी फास्टनर याच्या कितीतरी पट सहज पेलतो. तरीही गीझर पडतात, कारण फास्टनर विटेत नसतोच. तो टाइल, मागचा पोकळ मसाला आणि प्लास्टर एवढ्यातच अडकलेला असतो, किंवा भिंत विटेची नसतेच.

हल्लीच्या सोसायट्यांत आतल्या भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या असतात, त्या पांढऱ्या, हलक्या, पाण्यावर तरंगणाऱ्या ब्लॉकच्या. काकूंच्या घरी ड्रिल टाइल ओलांडून आत गेलं आणि बाहेर लाल भुकटी न येता राखाडी-पांढरं पीठ पडायला लागलं. ड्रिलला काही जोरच लावावा लागेना. एवढ्यावरून भिंत ओळखायची. लोखंडी फास्टनर घट्ट करताना फुगतो आणि भोकाच्या कडांवर दाब देऊन बसतो. एएसी ब्लॉक हा दाब सोसत नाही, आतल्या आत चुरा होतो. पाना फिरवताना सुरुवातीला घट्ट लागतं, मग अचानक सैल फिरायला लागतं. तसं झालं की ते भोक गेलं. त्यात मॅचस्टिक, लाकडाचा तुकडा किंवा पांढरं सिमेंट भरून पुन्हा पिळायचं नाही.

अशा भिंतीला तीन मार्ग आहेत. एक, एएसीसाठी मिळणारा लांब नायलॉनचा प्लग आणि त्याचा स्क्रू. तो लांबीभर पकडतो, त्यामुळे दाब एका जागी येत नाही. दुसरा, रासायनिक फास्टनर. भोकातली भुकटी फुंकून काढायची, गोंदासारखं रसायन भरायचं, त्यात आटेदार सळई बसवायची आणि पाकिटावर दिलेला वेळ हात लावायचा नाही. तिसरा, भिंतीपलीकडची बाजू आपलीच असेल तर आरपार बोल्ट आणि मागे चार-पाच इंची लोखंडी पट्टी. जुन्या चाळीतल्या चार इंची विटेच्या भिंतीलाही मी हाच तिसरा मार्ग घेतो. काकूंच्या बाथरूमच्या मागे त्यांचीच बेडरूम होती आणि तिथे कपाट उभं होतं, तेव्हा पट्टी कपाटामागे लपली.

टाइलला भोक पाडताना हॅमर बंद ठेवायचा. नुसतं फिरवून टाइल पार करायची आणि मग, वीट असेल तरच, हॅमर सुरू करायचा. एएसीत हॅमर लावायचाच नाही. आणि मिक्सर, शॉवर, सॉकेट यांच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, कारण लपवलेले पाइप आणि वायरी बहुतेक त्याच उभ्या रेषेत गेलेल्या असतात.

ब्रॅकेट बसला की गीझर लगेच टांगत नाही. वीस लिटरच्या दोन बादल्या भरून ब्रॅकेटला अडकवतो, म्हणजे चाळीस किलो झाले. त्या लोंबत असताना ब्रॅकेटचं वरचं टोक दोन्ही हातांनी पुढे खेचून बघतो. केसाएवढी फट पडली किंवा टाइलच्या कडेने भुकटी सुटली तर काम पुन्हा. गीझर खाली असताना हे कळणं स्वस्त पडतं.

ठिबकणारा व्हॉल्व्ह

आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, ते. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी, निळ्या खुणेच्या बाजूला, पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह येतो. बॉक्समध्ये तो वेगळ्या पिशवीत असतो आणि घाईत बसवणारे काही जण तो लावतही नाहीत. हा एकच तुकडा दोन कामं करतो. पाणी आत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बाजूच्या छोट्या नळीतून थोडं पाणी बाहेर सोडतो. मर्यादा बहुतेक गीझरांत ८ बार असते.

बार म्हणजे काय? दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा तळाशी जो दाब पडतो तो ढोबळ मानाने १ बार. काकूंच्या चौथ्या मजल्यावर, वरचे सात मजले आणि गच्चीवरची टाकी मिळून डोक्यावर साधारण २३ मीटर पाणी होतं. म्हणजे २.३ बार. गीझर बंद, थंड असताना टाकीत एवढाच दाब.

आता स्विच लावा. पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की ते जवळजवळ पावणेदोन टक्के फुगतं. पंधरा लिटरमागे पाव लिटर. हे पाव लिटर जाणार कुठे? मिक्सर बंद आहे, म्हणजे गरम पाण्याची वाट बंद. थंड बाजूला व्हॉल्व्ह परत जाऊ देत नाही. टाकी स्टीलची आहे, ती फुगत नाही. पाणी दाबलं जात नाही. म्हणून दाब झपाट्याने २.३ वरून ८ पर्यंत चढतो आणि मग व्हॉल्व्ह उघडून थेंब थेंब सोडायला लागतो. गीझर तापत असताना व्हॉल्व्ह ठिबकतो ते त्याचं कामच आहे. ते गळणं नाही.

मग परत न जाऊ देणारी झडप ठेवलीच कशाला, असा प्रश्न येईल. गच्चीवरची टाकी धुवायला रिकामी केली की थंड पाण्याचा पाइप उलट ओढतो. झडप नसेल तर गीझरमधलं पाणी त्या वाटेने निघून जातं, कॉइल कोरडी पडते आणि जळते. शिवाय थंड पाण्याचे पाइप बऱ्याच ठिकाणी साध्या पीव्हीसीचे असतात. त्यात गरम पाणी सारखं गेलं तर ते मऊ पडून जोड सुटतात.

काकूंच्या जुन्या गीझरच्या व्हॉल्व्हची नळी मी हातात घेतली तर तिच्या तोंडात स्क्रू घुसवून वर सील फासलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, सारखं टपटप, टपटप. रात्री झोप लागेना. मग वॉचमनने ओळखीच्या माणसाकडून बूच मारून दिलं. तेव्हापासून एकदम शांत."

प्रेशर कुकरच्या शिट्टीचं भोक बुजवायला कोणी धजावणार नाही, पण गीझरचं बिनधास्त बुजवतात, कारण इथे वाफ दिसत नाही. रोजच्या वापरात याने लगेच काही होत नाही असं वाटतं. थर्मोस्टॅट ६५ अंशांवर वीज तोडतो, तो बिघडला तर आणखी एक कटआउट असतो, काही गीझरांत तापमान हद्दीबाहेर गेलं की वितळणारा प्लगही असतो. पण एवढ्या सगळ्या गोष्टी नादुरुस्त होऊन कॉइल चालूच राहिली, तर शेवटची वाट या नळीचीच असते. ८ बार दाबाखाली पाणी १०० अंशांवर उकळत नाही, सुमारे १७५ अंशांपर्यंत द्रवच राहतं. टाकी तिथे फाटली तर त्या पाण्याचा सातवा हिस्सा क्षणात वाफ होतो. पंधरा लिटरच्या टाकीत हे सुमारे दोन किलो पाणी झालं, आणि त्याची वाफ तीन घनमीटरहून जास्त. चार बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम सव्वासहा घनमीटरचं. म्हणजे निम्मं बाथरूम एका झटक्यात वाफेने भरतं, ती हवा दार आणि काच घेऊन बाहेर पडते.

मग काकूंचा जुना गीझर फाटला कसा नाही? कारण आणखी एक बिघाड झाला होता. व्हॉल्व्हमधली परतीची झडप क्षार बसून अर्धवट उघडी राहिली होती आणि फुगलेलं पाणी थंड पाइपात परत जात होतं. त्याची खूण घरात होतीच. काकूंची तक्रार होती की सकाळी कमोडच्या जेटला पहिल्यांदा कोमट पाणी येतं. त्यांना वाटायचं उन्हाने टाकी तापते. डिसेंबरात, सकाळी सातला.

बसवताना तीन गोष्टी पाळायच्या. व्हॉल्व्हवरचा बाण गीझरच्या दिशेने. व्हॉल्व्ह आणि गीझरच्या मध्ये कुठलाही कॉक नको. पाणी बंद करायला अँगल कॉक लागतो, तो व्हॉल्व्हच्या आधी, भिंतीच्या बाजूला. मध्ये कॉक लावला आणि कोणी तो बंद केला, की टाकी आणि व्हॉल्व्ह यांची ताटातूट झाली. आणि ठिबकण्याच्या नळीला एक पातळ पाइप जोडून तो उतारावर, कुठे वर चढू न देता, फरशीच्या जाळीपर्यंत न्यायचा. त्याचं टोक उघडं ठेवायचं, बादलीतल्या पाण्यात बुडवायचं नाही. टपटप आवाजाची तक्रार या पाइपाने संपते, बूच मारायची वेळ येत नाही. गरम पाणी कोणाच्या अंगावर पडत नाही, हेही आलंच.

गीझर थंड, बंद असतानाही व्हॉल्व्ह सतत ठिबकत असेल तर मात्र बघायला हवं. बहुतेकदा आत कचरा अडकलेला असतो. नाहीतर येणारा दाबच फार आहे. वीस-बावीस मजली इमारतीत खालच्या मजल्यांवर सहा बारच्या वर दाब येऊ शकतो, आणि वर कोणी प्रेशर पंप बसवला असेल तर आणखी. अशा ठिकाणी पाण्याच्या मुख्य पाइपावर दाब कमी करणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. आणि गीझर घेतानाच पाटीवरचा दाबाचा आकडा बघायचा. काही मॉडेल ६.५ बारचीच असतात, ती उंच इमारतीसाठी नाहीत. व्हॉल्व्ह बदलताना नवा व्हॉल्व्ह टाकीच्या आकड्याच्या वरचा घ्यायचा नाही.

अर्थ खरंच आहे का?

२००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. यासाठी १६ अँपिअरची मोठी पिन आणि सॉकेट, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि बोर्डात १६ अँपिअरची स्वतंत्र एमसीबी. लाइट-पंख्याच्या वायरीवर गीझर चढवला तर काय होतं ते पिनटॉप काढून बघा: पिना तपकिरी, प्लास्टिक पिवळं आणि जळका वास. एवढं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून पुढे जातो.

गीझरची कॉइल म्हणजे तांब्याच्या नळीत बसवलेली तार. मधे पांढरी पावडर असते, ती विजेला अडवते. कालांतराने क्षाराच्या थराखाली नळी तापते, तडकते, पावडर ओली होते आणि वीज नळीतून पाण्यात, टाकीत उतरायला लागते. कधी ना कधी हे होणारच, असं धरून चालायचं. तेव्हा प्रश्न एवढाच की ती वीज कुठल्या वाटेने जमिनीत जाते. अर्थची वायर असेल तर तिच्यातून. नसेल तर टाकी, पाणी, पितळी मिक्सर सगळं जिवंत होऊन बसतं, आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस नळाला हात लावतो.

इथे एमसीबीवर विसंबू नका. समजा अर्थ आहे, पण तिच्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे. मग २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याला काही सेकंद घेते. गळती एक-दोन अँपिअरचीच असेल तर ती कधीच पडत नाही. म्हणून आरसीसीबी लागते, ३० मिलिअँपिअरची. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की ती काही शतांश ते दशांश सेकंदात तोडते. अर्थ असेल तर कॉइल फुटताक्षणी, घरात कोणी अंघोळीला गेलेलं नसतानाच ती पडते. अर्थ नसेल तर तीही वाट बघते, कारण फरक पडायला वीज कुणातून तरी जमिनीत जावी लागते. म्हणून दोन्ही हवेत.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघावं, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. बटण दाबल्यावर ती पडली म्हणजे ती स्वतः ठीक आहे. घरात अर्थिंग एक टक्का नसेल तरी ते बटण दाबल्यावर ती पडतेच.

अर्थ तपासायचं काम परवानाधारक वायरमनचं, पण तो काय करतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे. टेस्टर इथे निरुपयोगी आहे. तो फेज दाखवतो, अर्थच्या भोकात पेटला नाही एवढ्यावरून तिथे अर्थ आहे हे सिद्ध होत नाही. तिथे वायरच नसली तरी तो पेटणार नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही तेवढाच आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट असं दिसायला हवं. पण मल्टिमीटर अगदी नगण्य वीज घेतो, त्यामुळे धाग्याएवढ्या जोडावरही तो २३० दाखवतो. म्हणून पुढची पायरी, फेज आणि अर्थच्या मध्ये शंभर वॅटचा बल्ब. तो जवळजवळ अर्धा अँपिअर ओढतो, म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या कितीतरी पट, तेव्हा आरसीसीबी तत्काळ पडली पाहिजे. आरसीसीबी नसलेल्या घरात बल्ब पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. मिणमिणला किंवा लागलाच नाही तर अर्थ कामाची नाही. ही चाचणी करताना फ्रीज, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या पिना आधी काढायच्या. अर्थ कुठे तुटलेली असेल तर बल्बमधून आलेली फेज त्या वायरीने घरातल्या सगळ्या लोखंडी बॉड्यांवर चढते. म्हणूनच हा प्रयोग घरच्या घरी करू नका.

काकूंकडे मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये थेट ०.० व्होल्ट दाखवलं, इस्त्री चालू ठेवून सुद्धा. ऐकायला उत्तम वाटतं, पण मला तिथेच शंका आली. भार चालू असताना न्यूट्रलच्या वायरीत थोडा तरी व्होल्टेज पडतोच, तेव्हा खऱ्या अर्थच्या तुलनेत तो दिसायला हवा. मेन बंद करून सॉकेट उघडलं. अर्थच्या स्क्रूवर काळ्या वायरीचा बोटभर तुकडा, दुसरं टोक न्यूट्रलवर. पाइपात हिरवी वायर आलेलीच नव्हती, म्हणून कोणीतरी ही सोय केली होती. मल्टिमीटर फसतो, बल्बही लखलखीत लागतो, गीझरही चालतो. पण वरच्या बाजूला कुठेही न्यूट्रल सुटली, नुसता एक स्क्रू ढिला झाला, की कॉइलमधून आलेली फेज या तुकड्यावरून सरळ टाकीवर चढते. गीझरमध्ये काही बिघाड नसतानाही. अर्थ मुळीच नसण्यापेक्षा हे वाईट.

याची गंमत पुढे आहे. असा तुकडा असलेल्या घरात टाकीला पाण्याच्या पाइपातून जमिनीची दुसरी वाट मिळाली, तर आरसीसीबी टिकत नाही, कारण परतीची वीज दोन वाटांनी जायला बघते आणि तिला फरक दिसतो. ती सारखी पडते. मग कोणीतरी 'ती खराब आहे' म्हणून वायरी सरळ जोडून तिला वळसा घालतो. काकूंच्या बोर्डात आरसीसीबी दिसत होती, दिमाखात बसलेली. टी बटण दाबलं तर ढिम्म.

मीटरच्या डक्टमधून हिरवी वायर नव्याने ओढावी लागली, सोसायटीच्या अर्थच्या पट्टीपासून. एक अख्खा दिवस त्यातच गेला, गीझर टांगायला तासही लागला नाही. जुन्या इमारतींत पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ बांधायचे. आता पाइप प्लास्टिकचे झाले आहेत, त्यामुळे जुन्या घरात तशी वायर दिसली तर ती कुठेच जात नाही असं समजा.

शेवटी गीझरची स्वतःची वायर. पिन हातात धरून, कुठेही न लावता, तिच्या जाड लांब टांगेपासून गीझरच्या पितळी तोंडापर्यंत रोध मोजायचा. अर्ध्या ओहमच्या आत यायला हवा. वायर आखूड पडली म्हणून मध्ये टेप लावून जोड द्यायचा नाही, सॉकेटच जवळ घ्यायचं.

पहिलं तापवणं

वीज लावायच्या आधी टाकी भरायची. अँगल कॉक उघडा, मिक्सर गरम बाजूला पूर्ण उघडा. आधी हवा फुसफुसते, मग पाणी फटफट करत येतं, मग अखंड धार लागते. धार लागल्यावरही अर्धा मिनिट वाहू द्या आणि मगच मिक्सर बंद करा. रिकाम्या टाकीत स्विच लावला तर कॉइल काही मिनिटांत जाते आणि गॅरंटीत बसत नाही.

मग व्हॉल्व्हच्या ठिबक-पाइपाखाली एक लोटा ठेवा आणि स्विच लावा. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला २००० वॅटला हिशेबाने एकवीस मिनिटं लागतात, थोडी उष्णता बाहेर जाते म्हणून जरा जास्त. तेवढ्या वेळात मिक्सर उघडू नका. लोट्यात साधारण पाव लिटर किंवा थोडं कमी पाणी जमलं आणि दिवा विझल्यावर ठिबकणं थांबलं, तर व्हॉल्व्ह ठीक.

लोटा कोरडाच राहिला तर थंड बाजूच्या पाइपाला, अँगल कॉकच्या अलीकडे, हात लावून बघा. तो गरम लागत असेल तर परतीची झडप बसत नाही आणि पाणी मागे जातंय, काकूंच्या जेटसारखं. पाइप थंड असेल आणि तरी थेंब नसेल तर मिक्सर किंवा एखादा जोड कुठे झिरपतोय का ते शोधा. तोही कोरडा असेल तर व्हॉल्व्ह उघडतच नाही असं धरायचं. स्विच बंद करून, गरम नळ उघडून दाब सोडायचा, पाणी निवू द्यायचं आणि व्हॉल्व्ह नवा लावायचा. बोअरचं पाणी असेल तिथे हीच लोट्याची चाचणी दर हिवाळ्याच्या सुरुवातीला करावी, कारण क्षार सगळ्यात आधी या छोट्या झडपेवर बसतो.